एका धुण्याचा खर्च किती?

दुकानात पावडरच्या पुड्याचे दोन फोटो काढा: एक वजन-किमतीचा, दुसरा मागच्या मापाच्या तक्त्याचा. समजा, 2 किलोचा पुडा 240 रुपयांना आहे आणि एका धुण्याला 80 ग्रॅम लागते. 2000 भागिले 80 म्हणजे 25 धुणी. एक धुणं 9 रुपये 60 पैशांना. शेजारचा 1 किलोचा पुडा 160 रुपयांचा, पण माप 40 ग्रॅमचं. तोही 25 धुणी देतो, 6 रुपये 40 पैशांत! किलोमागे महाग तोच इथे स्वस्त.

तक्त्यात नुसता ‘1 चमचा’ असेल तर घरी तो खुणेपर्यंत सपाट भरून वजनकाट्यावर ठेवा. शीग लावून भरलात तर हिशेब कोलमडतो.