एकच रचना, अनेक वेग: चिपच्या वेगवर्गीकरणाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकाच रचनेचा प्रोसेसर बाजारात तीन-चार वेगवेगळ्या वेगांनी आणि तितक्याच वेगवेगळ्या किमतींनी विकला जातो, ही गोष्ट संगणक विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या पाहण्यात असते. मात्र हे वेग ठरतात कसे, याविषयी परस्परविरोधी समजुती प्रचलित आहेत. काहींच्या मते प्रत्येक वेगाची चिप स्वतंत्रपणे घडवली जाते, तर काहींच्या मते सर्व चिप तंतोतंत सारख्याच असून वेगाचा आकडा केवळ विक्रीसाठी छापला जातो. तयार झालेल्या चिपची चाचणी घेऊन तिला वेगानुसार ठरावीक गटांत टाकण्याच्या या पद्धतीला उद्योगात ‘बिनिंग’ म्हणतात, आणि ती समजून घेतली की या दोन्ही टोकांच्या समजुती कुठे चुकतात हे स्पष्ट होते.

गैरसमज: कमी वेगाची आणि जास्त वेगाची चिप वेगवेगळ्या आराखड्यांवरून बनते.

वस्तुस्थिती: एका उत्पादनमालिकेतील निरनिराळ्या वेगांच्या चिप पुष्कळदा एकाच आराखड्याच्या, एकाच कारखान्यातल्या आणि अनेकदा एकाच वेफरवरच्या असतात. वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ गोल चकती; तिच्यावर एकच नकाशा शेकडो वेळा उमटवला जातो आणि नंतर ती कापून सुटे तुकडे, म्हणजे ‘डाय’, वेगळे केले जातात. नकाशा एक असला तरी प्रत्यक्षात उमटणारे ट्रान्झिस्टर अगदी एकसारखे निघत नाहीत, कारण प्रकाशाने आकृती उमटवताना, थर कोरताना आणि सिलिकॉनमध्ये भेसळ-अणू रोवताना वेफरच्या एका भागात व दुसऱ्या भागात, तसेच आजच्या व उद्याच्या घाण्यात, अत्यंत सूक्ष्म फरक पडतात. ट्रान्झिस्टरमधील ज्या मार्गिकेतून प्रवाह वाहतो तिची लांबी किंचित कमी भरली, किंवा तो ज्या किमान व्होल्टेजला चालू होतो ते किंचित खाली आले, की तो अधिक चपळ होतो. उलट घडले तर मंद होतो.

या फरकाचा वेगाशी संबंध येतो तो चिपमधल्या सर्वांत संथ मार्गामुळे. प्रोसेसरमधील घड्याळ-संकेताच्या दर ठोक्याला माहिती एका साठवण-घटकातून निघते, मधल्या तर्क-मंडलांतून जाते आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी दुसऱ्या साठवण-घटकात पोहोचावी लागते. असे लाखो मार्ग असले तरी ज्या मार्गाला सर्वाधिक वेळ लागतो त्याच्यापेक्षा दोन ठोक्यांमधले अंतर कमी करता येत नाही, कारण तसे केल्यास माहिती पोहोचण्याआधीच पुढचा ठोका पडतो आणि चुकीचे मूल्य साठवले जाते.

गैरसमज: कमी वेगाची चिप म्हणजे सदोष किंवा नापास चिप.

वस्तुस्थिती: दोष आणि मंदपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा धुळीचा कण पडून तार तुटली तर ती चिप कोणत्याही वेगाला चुकीचेच उत्तर देते. अशी चिप बाद होते किंवा तिचा बिघडलेला भाग बंद करून उरलेली चिप वेगळ्या नावाने विकली जाते. मंद चिपमध्ये मात्र काहीही तुटलेले नसते आणि तिला पुरेसा वेळ मिळाला तर तिची सगळी उत्तरे अचूक येतात.

चाचणी दोन मुख्य टप्प्यांत होते. वेफर अखंड असतानाच त्यावरच्या प्रत्येक डायला बारीक सुया टेकवून ती मुळात चालते की नाही हे तपासले जाते. त्यानंतर डाय कापून, वेष्टनात बसवून, स्वयंचलित चाचणीयंत्रावर तिची अंतिम परीक्षा घेतली जाते. या यंत्रात चिपचे तापमान आणि व्होल्टेज ठरवून दिलेल्या प्रतिकूल मर्यादेवर ठेवतात, सर्वांत संथ मार्गांना ताण देतील असे निवडक आदानसंच तिच्यावर चालवतात आणि मिळालेली उत्तरे अपेक्षित उत्तरांशी ताडून पाहतात. वरच्या गटाच्या वेगाला उत्तर चुकले तर चिप खालच्या गटाच्या वेगाला तपासली जाते आणि ज्या वेगाला ती सर्व संच अचूक पार करते तो तिचा गट ठरतो. हा निकाल मग चिपमधल्या सूक्ष्म फ्यूजमध्ये कायमचा नोंदवला जातो.

एका काल्पनिक उदाहरणाने हा हिशोब मांडता येईल. समजा एका रचनेचे 3.4, 3.2 आणि 3.0 गिगाहर्ट्झ असे तीन गट ठरले आहेत. दोन ठोक्यांमधले अंतर त्यांत अनुक्रमे सुमारे 294, 312.5 आणि 333 पिकोसेकंद येते, आणि एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष-कोटीवा भाग. चाचणीयंत्राची अचूकता, वीजपुरवठ्यातले चढउतार आणि चिपचे वय वाढणे यांसाठी उत्पादक मोजलेल्या वेळेवर 4 टक्के राखीव वेळ धरतो; या राखीव अंतराला ‘गार्डबँड’ म्हणतात. एका वेफरवरच्या चार चिपमधील सर्वांत संथ मार्गांना 280, 283, 300 आणि 320 पिकोसेकंद लागतात असे आढळले, तर राखीव वेळ मिळवून ते आकडे 291.2, 294.3, 312 आणि 332.8 होतात. पहिली चिप 3.4 गिगाहर्ट्झच्या गटात जाते आणि चौथी 3.0 च्या गटात. दुसरी चिप मात्र पिकोसेकंदाच्या एका अंशाने हुकून 3.2 च्या गटात, म्हणजे तिच्याहून बऱ्याच मंद असलेल्या तिसऱ्या चिपच्या पंक्तीला, जाऊन बसते. चिपच्या क्षमता सलग पसरलेल्या असतात, पण विक्रीचे गट मोजकेच असतात. त्यामुळे चिपवरचा आकडा तिच्या कमाल क्षमतेचे मोजमाप नसून प्रतिकूल परिस्थितीतही पाळली जाईल अशी किमान हमी असते.

गैरसमज: सर्वांत वेगवान चिप सर्वच बाबतींत सर्वांत चांगली असते.

वस्तुस्थिती: ज्या कारणाने ट्रान्झिस्टर चपळ होतो त्याच कारणाने तो बंद असतानाही अधिक वीज गळू देतो. शिवाय ही गळती वेगासारखी सावकाश वाढत नाही, तर चालू होण्याचे व्होल्टेज थोडे खाली येताच कित्येक पटींनी वाढते. इंटेलच्या अभियंत्यांनी 2003 साली मांडलेल्या, पुढे वारंवार उद्धृत झालेल्या एका अभ्यासात एकाच रचनेच्या प्रोसेसरांच्या वेगातला फरक सुमारे 30 टक्के, तर गळतीतला फरक सुमारे 20 पट इतका दिसला होता, आणि अतिशय वेगवान चिपमध्ये जास्त गळणाऱ्या चिप ठळकपणे होत्या. अशी चिप वेगाच्या चाचणीत सहज उतरते, पण ठरवून दिलेल्या वीज-मर्यादेच्या चाचणीत अडकू शकते. म्हणून वर्गीकरण वेग आणि वीजवापर अशा दोन्ही कसोट्यांवर केले जाते. लॅपटॉपसाठी कमी गळणारी आणि कमी व्होल्टेजवर चालणारी चिप मोलाची ठरते, तर मोठा पंखा व भक्कम वीजपुरवठा असलेल्या मेजावरच्या संगणकात गळकी पण चपळ चिप खपून जाते. अनेक आधुनिक प्रोसेसरांत कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचे हेही त्या त्या चिपपुरते ठरवून तिच्यातच नोंदवलेले असते, आणि म्हणून एकाच नावाच्या दोन चिप एकाच कामाला कमीअधिक तापतात.

गैरसमज: सगळ्या चिप सारख्याच धावू शकतात, कंपनी मुद्दाम त्यांवर कमी वेग छापते.

वस्तुस्थिती: या समजुतीत सत्याचा अंश आहे, आणि त्याचे सर्वांत परिचित उदाहरण इंटेलने ऑगस्ट 1998 मध्ये बाजारात आणलेल्या ‘सेलेरॉन 300ए’ या प्रोसेसरचे आहे. त्याचा वेग 66 मेगाहर्ट्झच्या मुख्य घड्याळाला चिपमध्ये पक्क्या केलेल्या 4.5 या गुणकाने गुणून 300 मेगाहर्ट्झ येत असे. गुणक बदलता येत नव्हता, पण मदरबोर्डवर मुख्य घड्याळ 100 मेगाहर्ट्झचे केले की तीच चिप 450 मेगाहर्ट्झने धावू लागे. वापरणाऱ्यांना हा दीडपट वेग इतक्या सर्रास मिळाला, की स्वस्त सेलेरॉन त्या काळच्या महागड्या 450 मेगाहर्ट्झच्या पेंटियम-2 शी टक्कर देऊ लागला.

याचे कारण असे, की निर्मितीप्रक्रिया परिपक्व झाली की जवळजवळ सगळ्याच चिप वरच्या वेगाला उतरू लागतात, पण मागणी मात्र स्वस्त गटाला जास्त असते. तेव्हा ती भागवण्यासाठी वरच्या लायकीच्या चिप खालच्या गटात विकल्या जातात. त्याच 0.25 मायक्रॉन प्रक्रियेवरचा हाच सेलेरॉन गाभा पुढे 533 मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगांनी अधिकृतपणे विकला गेला, यावरून 300 हा आकडा सिलिकॉनची नव्हे तर बाजारपेठेची मर्यादा होता हे दिसते. तरीही ‘सगळ्या चिप सारख्या’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण काही 300ए चिपना 450 गाठण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागले आणि काहींना ते तरीही जमले नाही. नव्या प्रक्रियेच्या आरंभी तर परिस्थिती उलटी असते: वरच्या गटाला पात्र ठरणाऱ्या चिप थोड्या असतात आणि तिथे गटवारी खरोखरच सिलिकॉन ठरवते.

गैरसमज: घरी जास्त वेगाने चाललेली चिप त्या वेगाला उत्तीर्ण झाली असे समजायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: संगणक सुरू झाला आणि काही तास बंद पडला नाही, एवढ्यावरून त्या क्षणीच्या तापमानाला व त्या कामाला चिप पुरी पडली इतकेच सिद्ध होते. सर्वांत संथ मार्ग विशिष्ट सूचना आणि विशिष्ट आकडे एकत्र आले तरच वापरला जातो, त्यामुळे खेळ तासन्‌तास सुरळीत चालवणारी चिप लांबलचक गणिती कामात क्वचित एखादा अंक चुकवू शकते. ही चूक संगणक बंद पाडतेच असे नाही; ती संकुलित फाइल न उघडण्यात किंवा तेच गणित दोनदा केल्यावर दोन उत्तरे येण्यात दिसते. म्हणूनच वेग वाढवणारे जाणकार ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी अवजड गणिते चिपवर दीर्घकाळ चालवून निकाल पडताळतात.

याशिवाय वयाचाही प्रश्न असतो. व्होल्टेज आणि उष्णता यांच्या सततच्या ताणाने ट्रान्झिस्टर चालू होण्याचे व्होल्टेज वर्षानुवर्षे हळूहळू सरकत जाते आणि मार्ग किंचित मंदावतात. उत्पादकाने धरलेल्या राखीव वेळेचा एक भाग या झिजेसाठीच असतो. वेग वाढवणारा हीच राखीव वेळ आज वापरून टाकतो आणि त्यासाठी व्होल्टेज चढवले तर झीजही लवकर होते, म्हणून पहिल्या वर्षी निर्दोष चाललेला वाढीव वेग पुढे त्याच चिपला पेलेनासा होऊ शकतो. मूळ छापील वेगाला मात्र ती चिप बहुधा तेव्हाही अचूक चालत असते.