दारावर जुना फोन

खणात पडलेल्या दोन-तीन जुन्या फोनपैकी एखादा घराच्या दारावर नजर ठेवायला बसवावा असं मनात आलं, की हात आपोआप त्यातल्या सगळ्यात महागड्या फोनकडे जातो. त्याचा कॅमेरा चांगला होता ना! या कामासाठी मात्र मी तो फोन शेवटी उचलेन. आधी बघेन तो मधल्या किमतीचा, जरा जाडसर आणि फारसा न तापणारा फोन.

2015 साली अनेक महागड्या फोनमध्ये स्नॅपड्रॅगन 810 ही चिप होती. वेगापेक्षा तापण्यासाठीच ती जास्त गाजली. 2017 च्या सुरुवातीला आपल्याकडे आलेल्या रेडमी नोट 4 मध्ये स्नॅपड्रॅगन 625 होती. ती साधी आणि सावकाश, पण वीज कमी पिणारी आणि थंड राहणारी. दारावरच्या कॅमेऱ्याला वेग लागत नाही. चित्र दाबून लहान करण्याचं काम चिपमधला वेगळा भाग करतो आणि गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक फोनमध्ये तो असतोच. हा फोन आता दिवसरात्र चालणार आहे, आणि उष्णतेनं फोनमधलं सर्वांत आधी काय मरतं, तर बॅटरी.

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. चार्जर कायमचा लावून ठेवलेल्या फोनच्या वाट्याला या दोन्ही एकदम येतात. आत हळूहळू वायू साचतो आणि बॅटरी फुगते. फोन टेबलावर उताणा ठेवला आणि तो डुगडुगला, पडद्याच्या कडेला फट दिसली किंवा मागचं झाकण वर आलं, की समजायचं. अशा फोनचा चार्जर लगेच काढावा. त्याला दाबू नये, टोचू नये, रोजच्या कचऱ्यातही टाकू नये; ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. सॅमसंगच्या जुन्या J मालिकेतल्या अनेक फोनचं झाकण नखानं उघडून बॅटरी बदलता येते. या कामाला तो मोठाच गुण. फक्त बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर फोन चालवू म्हटलं, तर बहुतेक फोन सुरूच होत नाहीत.

तेव्हा बॅटरी आतच राहणार आणि तिला मधल्या पातळीवर ठेवायचं. नव्या फोनमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय आली आहे, जुन्यांत सहसा नाही. तिथे भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा, चोवीस तासांचं चक्र असलेला साधा टायमर कामाला येतो. त्याच्या कडेच्या दातऱ्या खालीवर करून पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी वीज चालू-बंद ठेवता येते.

रेडमी नोट 4 चंच गणित करू. बॅटरी 4100 एमएएचची, म्हणजे नवी असताना सुमारे 16 वॅट-तासांची. इतक्या वर्षांनी तिच्यात अकराएक उरली असं धरू. पडदा बंद, कॅमेरा आणि वाय-फाय चालू अशा स्थितीत फोन अडीच वॅटच्या आसपास वीज खातो असंही धरू. 80 टक्क्यांवरून 40 वर यायला साडेचार वॅट-तास खर्च व्हावे लागतात, म्हणजे पावणेदोन तास. आता चार्जर मुद्दाम जुना, एक अँपिअरचा घ्यायचा. तो पाच वॅट देतो. त्यातले अडीच फोन खातो, उरलेले अडीच बॅटरीत जातात. म्हणजे भरायलाही साधारण तेवढाच वेळ. म्हणून दीड तास चालू, दीड तास बंद अशा दातऱ्या लावायच्या. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ टक्के बघायचे. आकडा वर सरकत असेल तर चालू वेळेतला एक टप्पा कमी करायचा, खाली घसरत असेल तर वाढवायचा. फास्ट चार्जर इथे नको, उगाच ताप वाढतो. बिलाचं म्हणाल तर या हिशेबानं महिन्याला जेमतेम दोन युनिट.

फोन बसवण्याआधी आपले फोटो आणि खाती काढून टाकावीत. गूगल खातं आधी काढायचं आणि मग फॅक्टरी रीसेट करायचा. तसं न केल्यास फोन जुना पासवर्ड मागत अडून बसू शकतो. मग `IP Webcam` हे अ‍ॅप घालून, त्यात लॉगिन-पासवर्ड ठरवून सर्व्हर सुरू केला, की पडद्यावर असा पत्ता दिसतो:

```
http://192.168.1.7:8080
```

त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की दार दिसू लागतं. पहिल्या काही तासांनी चित्र बंद पडलं, तर बहुधा अँड्रॉइडनं बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप मारलेलं असतं. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरती बॅटरी-बचत बंद करावी. घराबाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये हे पोर्ट उघडं करावंसं वाटेल. ते करू नये. चार दिवसांत अनोळखी लोक दार ठोठावू लागतात. त्यासाठी आल्फ्रेडसारखं अ‍ॅप घ्यावं, मात्र मग चित्र त्या कंपनीच्या यंत्रणेतून जातं हे मान्य करून.

बाहेरचा मार्ग धरला की फोनचं दुसरं वय आडवं येतं. सुरक्षित वेबसाइट ओळखायला फोनमध्ये विश्वासू प्रमाणपत्रांची यादी असते. अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या फोनमध्ये लेट्स एन्क्रिप्टचं आजचं मूळ प्रमाणपत्र नाही, आणि त्यांच्यासाठी केलेली तात्पुरती सोयही सप्टेंबर 2024 मध्ये संपली. म्हणून धडधाकट फोनवरही बऱ्याच साइट उघडत नाहीत. घरातल्या घरात, वर दिलेल्या पत्त्यावर, अँड्रॉइड 6 सुद्धा कुरकुरत नाही.

रात्रीचं काय? सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच रात्री बाजूला सरकते. फोनमध्ये ती पक्की बसवलेली असते. त्यामुळे बाजारातला इन्फ्रारेड दिवा लावून फोनला अंधारात फारसं दिसत नाही. दाराशी नाइट लॅम्प लागेलच. खिडकीच्या काचेआडून बाहेर बघणाऱ्या फोनला रात्री आपलीच खोली दिसते. आणि गॅलरीतल्या उन्हात फोन ठेवूच नये. या बॅटऱ्या साधारण 45 अंशांपुढे चार्ज करायच्या नसतात, आणि विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतला पारासुद्धा तिथे पोचतो.

सलग रेकॉर्डिंग मला तरी व्यर्थ वाटतं. सेकंदाला एक मेगाबिट या बेतानंसुद्धा दिवसाला जवळपास 11 जीबी भरतात. हालचाल झाली तरच साठवायला सांगावं आणि तेही मेमरी कार्डवर. पुन्हापुन्हा लिहून कार्ड झिजलं तर बदलता येतं, फोनची आतली मेमरी नाही. म्हणून कार्डाची खाच असलेला फोन इथे वरचढ.

फोनचा वाय-फाय दगा देत असेल, पण हेडफोनचं भोक शाबूत असेल, तर त्याला गाण्यांकडे वळवावं. एकीकडे हेडफोनची पिन आणि दुसरीकडे लाल-पांढऱ्या दोन पिना अशी वायर घेऊन तो जुन्या अँप्लिफायरला जोडायचा, गाणी कार्डावर, वाजवायला व्हीएलसी. पडदा सतत चालू राहणार असेल तर एलसीडीचा फोन बरा. अ‍ॅमोलेडवर एकच चित्र महिनोन्‌महिने राहिलं की त्याचा डाग कायमचा उमटतो. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, त्याला फोन बिघडला असं समजू नये. चार्जर काढल्यावर आवाज थांबला, तर तो विजेच्या जोडणीतून येतोय. संध्याकाळी गाणी ऐकत असाल तर दातऱ्या अशा लावाव्यात की त्या वेळी टायमर बंद असेल.