तेल तापले की नाही?

भजी आणि पुऱ्या एकाच कढईत तळल्या जातात, पण दोन्हींना तेल सारखेच तापलेले चालत नाही. भज्यांना साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस पुरतात. पुरीला १९० अंशांच्या आसपास लागतात. फरक जाडीमुळे पडतो. बटाट्याचे भजे आतून शिजायला तीन-चार मिनिटे हवीत. तेल फार कडक असेल तर बेसन काळपट होते आणि बटाटा कच्चाच राहतो. पुरी मात्र पातळ. तिच्यातल्या पाण्याची एकदम वाफ होऊन ती वरचा पापुद्रा उचलते. तेल कोमट असेल तर वाफ हळूहळू निसटते, पुरी चपटी राहते आणि तेल पिते.

थर्मामीटर नसला तर पिठाचा थेंब हीच खरी परीक्षा. तो का चालतो, हे समजले की चुका टळतात. भज्याचे पीठ तेलापेक्षा जड असते, म्हणून थेंब आधी बुडतो. मग त्यातल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे चिकटतात आणि तो वर येतो. तेल जितके तापलेले, तितका तो लवकर वर येतो. थेंब तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे. बुडून दोन-तीन सेकंदांत भोवती बुडबुडे घेऊन वर आला, की भजी सोडावीत. बुडतच नाही आणि लगेच तांबूस होतो, असे झाले तर गॅस मंद करून थोडे थांबावे. पुरीसाठी कणकेची वाटाण्याएवढी गोळी टाकावी. ती जवळजवळ लगेच वर यायला हवी, पण लगेच लाल होता कामा नये.

परीक्षेआधी झाऱ्याने तेल एकदा ढवळावे, कारण तळाचे तेल वरच्यापेक्षा जास्त तापलेले असते. झारा कोरडा हवा. पाण्याचा थेंबही तेल उडवतो. धूर निघेपर्यंत वाट पाहणे चूक. धूर म्हणजे तेल फार पुढे गेले.

एकदा जुळलेले तापमान टिकत नाही, ही गोष्ट घरोघरी विसरली जाते. अर्धा लिटर तेलात बटाट्याची आठ-दहा भजी एकदम सोडली की सळसळ मंदावते, बुडबुडे विरळ होतात आणि भजी तेलकट निघतात. चार-पाचच सोडली तर सळसळ कायम राहते. घाणा काढल्यावर लगेच दुसरा टाकू नये. पुन्हा एक थेंब सोडून पाहावा.

दोन्ही करायचे असतील तर पुऱ्या आधी तळाव्यात, मग गॅस कमी करून भजी. उलट केले तर तेलात उरलेले बेसनाचे कण पुरीच्या आचेवर करपतात आणि काळे ठिपके पुऱ्यांना चिकटतात. पुऱ्या लाटतानाही कोरड्या पिठाऐवजी तेलाचे बोट लावावे. सुटलेले पीठ कढईच्या तळाशी बसून तसेच जळते.