येणार का, ते कळवा!

आपल्या लग्नपत्रिकेत सगळं असतं. कुलदैवताचं नाव, मुहूर्ताची घटका-पळं, 'अगत्य येण्याचे करावे', 'आहेर आणू नये'. फक्त एक गोष्ट नसते: येणार की नाही, ते कधीपर्यंत कळवायचं. बोलावलं म्हणजे माणूस येणार असं धरून पंगती मांडायच्या, पन्नास पानं जास्त धरायची, ही आपली रीत. एकाच गावातल्या लग्नात ती चालून जाते. कॉलेजच्या मित्रमंडळींच्या भेटीला ती चालत नाही, कारण त्यातला एक न्यू जर्सीत असतो, एक सिडनीत, दोघी दुबईत, आणि मुक्कामाच्या खोल्यांचे पैसे चार महिने आधी भरायचे असतात.

पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची २००१ साली बाहेर पडलेली बॅच घेऊ. २०२६ मध्ये त्यांना पंचवीस वर्षं होतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणीतरी 'यंदा भेटायचंच' असं टाकतो. दहा मिनिटांत अंगठे, बदाम, 'मी पण', 'कधी? कुठे?' यांचा पाऊस पडतो. चार दिवसांनी तो मेसेज जोक आणि सुप्रभातांच्या खाली गाडला जातो. उत्साह खरा असतो, पण त्यावर रिसॉर्टवाला खोली देत नाही. त्याला आकडा लागतो.

आधी भेटीची तारीख. परदेशातली मंडळी मुलांच्या शाळेला सुट्टी असेल तेव्हाच येतात. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या शाळा नाताळाच्या सुमारास बंद असतात, ऑस्ट्रेलियात तर उन्हाळ्याची मोठी सुट्टी चालू असते. म्हणून शनिवार २६ आणि रविवार २७ डिसेंबर. यालाही किंमत मोजावी लागते. नाताळ ते एकतीस डिसेंबर हा रिसॉर्टवाल्यांचा सुगीचा आठवडा, दर चढे असतात, आणि महाबळेश्वर-लोणावळ्याच्या रस्त्यांबद्दल न बोललेलंच बरं. एक आठवडा अलीकडे घेतलं तर स्वस्त पडेल, पण अमेरिकेतल्या बऱ्याच मुलांच्या शाळा तेव्हा सुटलेल्या नसतात. माझं मत विचाराल तर महाग तारीख घ्यावी आणि जागा पुण्याच्या जवळची घ्यावी. घाटात अडकण्यापेक्षा ते परवडतं.

मग उत्तराची शेवटची तारीख. ती मनाने ठरवायची नसते, मागून मोजत आणायची असते. रिसॉर्टला खोल्यांचा ॲडव्हान्स १ सप्टेंबरला द्यायचा आहे असं धरू. डिसेंबरची विमानाची तिकिटं जसजसा हंगाम जवळ येतो तशी महाग होत जातात, म्हणजे परदेशातल्यांनाही ऑगस्टअखेर निर्णय घेणं सोयीचं. इकडच्यांचं बघा: १४ सप्टेंबरला गणपती बसतात, पुढे पितृपक्ष, नवरात्र, ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. 'गणपतीनंतर बघू' म्हटलं की ते 'दिवाळीनंतर बघू' होतं. तेव्हा रविवार, ३० ऑगस्ट. रविवार यासाठी, की घरात नवरा-बायको दोघं असतात आणि हा निर्णय एकट्याचा कधीच नसतो.

नुसतं '३० ऑगस्ट' लिहूनही भागत नाही. भारतात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात, लंडनमध्ये दुपारचे साडेचार, न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा आणि कॅलिफोर्नियात साडेआठ वाजलेले असतात. सिडनीत सोमवार उजाडायच्या बेतात, रात्रीचे दीड. म्हणून 'भारतीय वेळेनुसार रात्री ९' हे शब्द निमंत्रणात हवेतच. आणि महिना अक्षरांत लिहायचा. ५/९ असं लिहिलं तर पुण्यात ते पाच सप्टेंबर आणि शिकागोत नऊ मे.

आता प्रत्यक्ष मजकूर. मराठीतला असा असावा:

'मंडळी, कॉलेज सोडून पंचवीस वर्षं झाली. शनिवार २६ आणि रविवार २७ डिसेंबर २०२६ला पुण्याजवळ भेटायचं ठरलंय. शनिवारी दुपारच्या जेवणापर्यंत पोचा, रात्री मुक्काम, रविवारी जेवून निघा. नवरा, बायको, पोरं आणलीत तर आनंदच, पण किती जण ते लिहा. येणार की नाही ते रविवार ३० ऑगस्ट, भारतीय वेळेनुसार रात्री ९ पर्यंत कळवा. १ सप्टेंबरला खोल्यांचे पैसे भरायचे आहेत, त्यानंतर खोलीची खात्री नाही. नुसतं जेवायला येणाऱ्यांनी १५ डिसेंबरपर्यंत सांगितलं तरी चालेल. जमणार नसेल तर सरळ 'नाही' लिहा, कोणी रुसणार नाही. व्हिसा किंवा रजेमुळे अडलं असेल तर नक्की कधी कळेल ती तारीख लिहा.'

यात सगळ्यांत कामाचं वाक्य खोल्यांच्या पैशांचं आहे. कारण दिलं की तारीख खरी वाटते. कारण नसलेली तारीख म्हणजे कुणाची तरी दादागिरी, असं जुन्या मित्रांना लगेच वाटतं आणि मग ती मुद्दाम मोडली जाते. दुसरं वाक्य 'नाही'चं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणा समजतात, म्हणून माणूस 'बघतो', 'जमवतो', 'नक्की प्रयत्न करतो' म्हणतो. या तिन्हींचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो, हे बोलावणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला मोकळेपणाने नाही म्हणायची वाट करून दिली की यादी निम्मी सुटते.

पण काही 'बघतो' खरोखरच बघतो असतात. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाच्या पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असला, तरी त्याला तिथे राहून काम करता येतं. मात्र देशाबाहेर पडला की परत जाण्याआधी वकिलातीत जाऊन नवा शिक्का घ्यावा लागतो. त्याची मुलाखतीची तारीख मिळाली नाही किंवा लांबली, तर तो इथेच अडकतो आणि तिकडे नोकरी खोळंबते. असा मित्र जूनमध्ये हो म्हणू शकत नाही, यात त्याचा काही दोष नाही. त्याच्याकडून होकार मागू नये, पुढच्या उत्तराची तारीख मागावी. यादीत त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

समजा साठ जणांना बोलावलं, चौतीस जणांनी हो म्हटलं. त्यातले वीस एकटे येणार, दोघांना एक खोली अशा दहा. चौदा जण कुटुंबासह, चौदा खोल्या. झाल्या चोवीस. सहा जण व्हिसा-रजेच्या रकान्यात, त्यांच्यासाठी तीन खोल्या राखून ठेवायच्या आणि त्या सोडायची मुदत रिसॉर्टकडून लिहून घ्यायची. म्हणजे सत्तावीस खोल्यांचा ॲडव्हान्स. अंगठे मोजून निघालेले संयोजक चाळीसेक खोल्या धरतात आणि नंतर तोटा वाटून घ्यायची वेळ आली की मैत्रीला ओरखडे पडतात. होकाराबरोबर खोलीमागे थोडी रक्कम घेतली तर हो हा हो राहतो. परदेशातल्यांचे पैसे एकेकाकडून मागवत बसू नये. अमेरिकेत एकाने, आखातात एकाने गोळा करावेत आणि इथे हिशेब चुकता करावा.

इंग्रजी मजकूर कशाला, असं कोणीतरी विचारतंच. पुण्याच्या वर्गात इंदूरचा मुलगा होता, होस्टेलवर केरळची मुलगी होती, त्यांनी चार वर्षांत शिव्या मराठीत शिकल्या, पण वाचायला इंग्रजीच बरं. शिवाय परदेशात वाढलेली मुलं आणि काही जोडीदार मराठी वाचत नाहीत, आणि तिकिटाचा निर्णय घेणारे तेच असतात. दोन्ही मजकूर शब्दाला शब्द सारखे असायची गरज नाही. मराठीत 'मंडळी', 'पोरं', 'लेको' चालतं. इंग्रजीत मुक्कामाचं ठिकाण, विमानतळापासूनचं अंतर, मुलांसाठी काय आहे, हे जरा उलगडून सांगावं लागतं आणि वर दिलेल्या वेळा शहरांच्या नावांसकट लिहाव्या लागतात. पण तारखा, पैसे आणि कोणाला बोलावलंय, हे दोन्हींत तंतोतंत एक हवं.

गडबड होते ती इथेच. मराठीत 'तुम्ही सगळे या' लिहिलेलं असतं, एक घर त्याचा अर्थ सहकुटुंब घेतं, इंग्रजीत मात्र फक्त वर्गमित्रांना बोलावल्यासारखं वाटतं. किंवा तारीख बदलते, मराठी मेसेज दुरुस्त होतो आणि इंग्रजी तसाच फिरत राहतो. उपाय साधा आहे: दोन्ही भाषा एकाच मेसेजमध्ये, वर मराठी, खाली इंग्रजी. बदल झाला तर सबंध मेसेज नव्याने टाकायचा, वर 'बदललेली तारीख' असं लिहून. तो ग्रुपवर पिन करायचा, पण व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, तो पुन्हा लावावा लागतो. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगलचे फॉर्म दोन्ही बंद असतात, तिथल्या मित्राला ईमेल.

फॉर्ममध्ये दोन रकाने हमखास विसरले जातात. एक, कॉलेजातलं नाव. लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या मैत्रिणीचा होकार आला की संयोजक अर्धा तास 'ही कोण' म्हणत बसतात. दुसरा जेवणाचा. २६ डिसेंबर २०२६ मार्गशीर्षात येतो आणि महिनाभर सामिष न खाणारी घरं बरीच आहेत. शनिवारी रात्रीचा मटणाचा बेत ठरवण्याआधी हे विचारलेलं बरं.

मुदतीच्या आठवडाभर आधी ग्रुपवर एक आठवण पुरे. ज्यांचं उत्तर नाही त्यांना ग्रुपवर नावं घेऊन डिवचू नये, त्यांना फोन करावा, आणि तोही त्या माणसाने करावा जो त्याच्याबरोबर लॅबमध्ये किंवा होस्टेलच्या एका खोलीत होता. न आलेल्या उत्तरामागे आजारपण, गेलेली नोकरी, मोडलेलं लग्न असू शकतं, आणि ते फॉर्ममध्ये कोणी लिहीत नाही.

३१ ऑगस्टला येणाऱ्यांची यादी दोन्ही भाषांत ग्रुपवर टाका आणि १ सप्टेंबरला पैसे भरून मोकळे व्हा. मुदत वाढवू नका. एकदा वाढवली की पुढची तारीख कोणी पाळत नाही.