दिंडीच्या ग्रुपवर कोणाचा शब्द चालतो?

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदारांनी चोप उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिचं गाऱ्हाणं ऐकून निवाडा होतो. म्हणजे तक्रार चारचौघांत मांडायची, पण एकट्याने नव्हे, दिंडीने मिळून.

आता अनेक दिंड्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. २०२० आणि २०२१ साली नेहमीची पायी वारी झाली नाही, तेव्हा भेटीगाठींसाठी फोनच उरला होता. दिंडीत विणेकऱ्याचा आणि दिंडीप्रमुखाचा मान परंपरेने ठरतो; ग्रुपवर मात्र कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं हे ॲडमिनच्या हाती असतं. फक्त ॲडमिननेच लिहावं, अशी सोयही २०१८पासून आहे. त्यातून संशोधनाचा प्रश्न निघतो: ग्रुपमुळे दिंडीत बोलण्याचा आणि ठरवण्याचा अधिकार कोणाकडे सरकतो? भक्ती वाढली की घटली, हे मोजता येत नाही, म्हणून ते विचारायचं नाही.

त्यासाठी तीन दिंड्या निवडाव्यात: एक सर्वांना लिहू देणाऱ्या ग्रुपची, एक फक्त ॲडमिन लिहितो अशा ग्रुपची आणि एक ग्रुपच नसलेली. संशोधकाने त्यांच्यासोबत आळंदी ते पंढरपूर चालावं आणि पुढे वर्षभर संपर्क ठेवावा. ग्रुपमधले संदेश सदस्यांच्या संमतीनेच वाचायचे, नकार देणाऱ्याचे वगळायचे. प्रत्येक संदेशाची सूचना, अभंग, हिशेब, तक्रार, राजकारण अशी वर्गवारी करायची.

खरा कस एखाद्या वादाचा माग काढताना लागतो. समजा, भिशीच्या पैशांवरून कुरबुर झाली. ती आधी कोणी काढली, ग्रुपवर की समोरासमोर? ज्येष्ठांनी मिटवली, की ॲडमिनने संदेश पुसून टाकला? ज्यांच्याकडे फोन नाही त्या आजींना ती कधी कळली? याची उत्तरं मुलाखतींतून मिळतील. पुसलेल्या संदेशात काय होतं हे मोजणीत दिसत नाही, म्हणून नुसती आकडेवारी पुरणार नाही.

मर्यादा उघड आहेत. ग्रुपमध्ये शिरकाव मिळेल तो मोकळ्या मनाच्या दिंड्यांतच. संशोधक वाचतोय हे कळल्यावर लोक जपून लिहितील. बंद पडलेले ग्रुप हाती लागणार नाहीत. तीन दिंड्यांवरून साऱ्या संप्रदायाबद्दल बोलता येणार नाही. शिवाय तरुणांच्या हाती कारभार गेला तो फोनमुळे की जुनी पिढी थकल्यामुळे, हे वेगळं करणं कठीण आहे. ग्रुप नसलेली दिंडी इथे कामी येते: तिथेही तसाच बदल दिसला, तर दोष किंवा श्रेय फोनला देता येणार नाही.