एका बाजूचा घसा आणि न उघडणारं तोंड

टॉन्सिलला साधी सूज आली की घसा बहुधा दोन्ही बाजूंनी दुखतो. ताप येतो, घास उतरत नाही. आरशात पाहिलं तर दोन्ही टॉन्सिल लालबुंद दिसतात, कधी त्यांवर पांढरे ठिपकेही असतात. मात्र इतकं दुखत असूनही डॉक्टरांनी ‘आ करा’ म्हटलं की रुग्ण तोंड पुरेसं उघडतो. दुखणं एकाच बाजूला गोळा झालं आणि तोंडही उघडेना, तर टॉन्सिलच्या मागे पू साठतोय अशी शंका घ्यायलाच हवी. हा आजार कुठल्याही वयात होतो, पण सर्वाधिक आढळतो तो तरुणांत.

एक नेहमी दिसणारं चित्र घेऊ. वसतिगृहात राहणारा बावीस वर्षांचा मुलगा. सोमवारी घसा धरला, रात्री ताप भरला. मंगळवारी त्याने औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या आणून सुरू केल्या आणि बुधवारी ताप थोडा उतरला. इथे तो निर्धास्त झाला. गुरुवारी उजवी बाजू बरी झाली, पण डावीकडचं दुखणं मात्र वाढलं आणि डाव्या कानात ठणका लागला. शुक्रवारी सकाळी आवंढा गिळणंही नको झालं. लाळ थुंकायला तो जवळ भांडं घेऊन बसला होता. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा त्याचा आवाज येत होता. मान डावीकडे किंचित कललेली, जबड्याखाली त्याच बाजूला अवधाण आलेलं, तोंडाला दुर्गंधी. पाणीही जात नसल्याने लघवी कमी झाली होती. दातांच्या मध्ये जेमतेम एक बोट जात होतं.

या गोष्टीत सर्वांत बोलका दिवस गुरुवार. साध्या टॉन्सिलच्या सुजेत तीन-चार दिवसांनी दोन्ही बाजू हळूहळू बऱ्या होत जातात. एक बाजू बरी होते आणि दुसरी चिघळते, तेव्हा आजाराने वळण घेतलेलं असतं. ताप उतरलेला असला तरी या वळणाकडे दुर्लक्ष करू नये.

तोंड का उघडत नाही, हे समजायला आत काय घडतं ते पाहावं लागतं. टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला एक पातळ आवरण असतं आणि त्याच्या पलीकडे घशाची स्नायूंची भिंत. या दोहोंमधल्या सैल जागेत पू साठतो, बहुतेकदा टॉन्सिलच्या वरच्या टोकाशी. म्हणजे गळू टॉन्सिलवर नसतं, त्याच्या मागे आणि वर असतं. घशाच्या त्या भिंतीला लागूनच बाहेर जबडा मिटणारा एक स्नायू आहे. शेजारचा दाह त्याच्यापर्यंत पोहोचला की तो आखडतो आणि जबडा अडकतो. दाह टॉन्सिलपुरता असेल तर हा स्नायू सहसा आखडत नाही. कानाचा ठणकाही असाच पाहुणा. घशाची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा कानाच्या आतल्या भागात जाते, म्हणून कान निरोगी असूनही दुखतो.

घरी एक साधी चाचणी करता येते. आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. निरोगी माणसाची तिन्ही साधारणपणे जातात. घसादुखीच्या चौथ्या दिवशी दोनच किंवा एकच बोट जात असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं.

तिथे डॉक्टर टॉन्सिलपेक्षा त्याच्या वरचा मऊ टाळा निरखून पाहतात. तो एका बाजूला फुगलेला असतो, टॉन्सिल आत आणि खाली ढकललेलं असतं आणि पडजीभ मधली जागा सोडून निरोगी बाजूला सरकलेली असते. एवढं दिसलं तर निदान बहुधा तिथेच होतं. अडचण असते ती मधल्या अवस्थेची. ऊती सुजलेल्या असतात, पण पू अजून झालेला नसतो. दोन्ही वरून सारखंच दिसतं. अशा वेळी काही डॉक्टर शिरेतून प्रतिजैविक देऊन चोवीस तास वाट पाहतात, काही सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात, आणि पुष्कळदा सुई घालूनच शोध घेतला जातो.

सुईचं नाव काढताच रुग्ण घाबरतात, म्हणून ती कशी घालतात ते सांगायला हवं. आधी स्प्रे आणि इंजेक्शनने जागा बधिर करतात. फुगवट्याच्या सर्वांत उंच भागी जाड सुई घालून पू ओढून घेतात. टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या बाजूला साधारण अडीच सेंटिमीटरवर मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. म्हणून सुईच्या प्लास्टिकच्या टोपणाचं टोक कापून ते सुईवर पुन्हा बसवतात, जेणेकरून सुमारे एक सेंटिमीटरच सुई बाहेर राहावी. कधी सुईऐवजी छोटा छेद देतात. सुई कोरडी आली म्हणून पू नाहीच, असंही म्हणता येत नाही. गळू चुकून बाजूला राहिलेलं असू शकतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचा काही मिलिलिटर दुर्गंधीयुक्त पू निघाला आणि काही तासांतच तो पाणी प्यायला लागला. त्याच्या पहिल्या तीन गोळ्या हरल्या त्या याच कारणाने. साठलेल्या पुवाच्या आत रक्तपुरवठा नसतो, तिथे औषध पुरेसं पोहोचत नाही. शिवाय या पुवात घशातल्या नेहमीच्या जंतूंबरोबर हवेविना वाढणारे जंतूही असतात आणि त्यांना चालणारी प्रतिजैविकं निवडावी लागतात. निचरा आणि योग्य औषध दोन्ही लागतात. गोळ्यांचा कोर्स बहुधा दहा ते चौदा दिवसांचा असतो. बहुतेकांना पुन्हा त्रास होत नाही, म्हणून पहिल्याच खेपेला टॉन्सिल काढण्याची घाई नसते. आधीपासून वारंवार टॉन्सिल सुजत असतील तर तो विचार होतो.

काही घरांत पडजीभ पडली असं समजून ती बोटाने, मीठ लावून वर दाबतात. इथे ते मुळीच करू नये. पू अचानक फुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. श्वासाला घरघर येत असेल, आडवं झोपवत नसेल, मान ताठून तिच्यावर बाहेरून सूज आली असेल किंवा घसा बरा वाटत असतानाच पुन्हा हुडहुडी भरून ताप येत असेल, तर तज्ज्ञांची वेळ मिळण्याची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. पू मानेत खोल उतरल्याची किंवा मानेच्या शिरेत गाठ झाल्याची ती खूण असू शकते.

तोंड न उघडण्याची इतरही कारणं आहेत. अक्कलदाढेच्या हिरडीला सूज आली तरी जबडा अडकतो, पण दुखणं दाढेमागे असतं. जखमेनंतर धनुर्वातात दातखीळ बसते, तेव्हा टाळा फुगलेला नसतो. आपल्याकडे सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचं तोंड महिनोन्‌महिने हळूहळू आखडत जातं. त्यात ताप नसतो, पण तिखट लागलं की आग होते. अशा माणसाला घशात गळू झालं तर तीन बोटांची चाचणी फसवते, कारण त्याचं तोंड आधीच कमी उघडत असतं. त्याने चार दिवसांपूर्वी किती बोटं जात होती, हे डॉक्टरांना सांगावं. आणि ताप, पू काहीही नसताना तंबाखू खाणाऱ्याचं एकच टॉन्सिल मोठं राहिलं, किंवा गळू बरं होऊनही ते महिन्याभरात पूर्ववत झालं नाही, तर प्रतिजैविकाचा आणखी एक कोर्स घेत बसू नये. तिथला तुकडा काढून तपासायची गरज आहे का, हे तज्ज्ञांनी पाहायला हवं.