भोगवटापत्र आणि मंजूर नकाशा कसा वाचावा?

सदनिकेचे बांधकाम कायदेशीर आहे की नाही, याचे उत्तर दोन कागद एकत्र वाचल्यावर मिळते. मंजूर नकाशा काय बांधायला परवानगी होती ते सांगतो. भोगवटापत्र त्यापैकी काय बांधून झाले आणि कोणता भाग राहण्यायोग्य म्हणून स्वीकारला गेला ते सांगते. एकच कागद पाहून काढलेला निष्कर्ष बहुधा अर्धवट ठरतो.

महाराष्ट्रात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक शहरांत महापालिका किंवा नगरपरिषद, नकाशे मंजूर करून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देते. हेच ते ‘सीसी’. जोत्यापर्यंतचे काम झाले की त्याची तपासणी होते. इमारत पूर्ण झाल्यावर वास्तुविशारद काम नकाशाप्रमाणे झाल्याचा पूर्णत्वाचा दाखला सादर करतो आणि त्यावरून प्राधिकरण भोगवटापत्र, म्हणजे ‘ओसी’, देते. वास्तुविशारदाचा दाखला आणि प्राधिकरणाचे भोगवटापत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला दाखवून दुसऱ्याची गरज भागत नाही. घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांचाही इथे उपयोग नाही, कारण घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लावली जाते आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

भोगवटापत्र सहसा एक-दोन पानांचे असते. त्यात सर्वांत आधी जमिनीचे वर्णन पाहावे. गाव किंवा पेठ, सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक हे खरेदीखतातील वर्णनाशी तंतोतंत जुळले पाहिजेत. त्यानंतर इमारतीची ओळख. प्राधिकरणाच्या कागदात इमारतीचे जाहिरातीतले नाव बहुधा नसतेच; तिथे ‘इमारत बी’ किंवा ‘विंग २’ असे लिहिलेले असते. जागेवरची कोणती इमारत कागदावरची ‘बी’ आहे, हे नकाशातल्या स्थळदर्शक आराखड्यावरूनच ठरवावे लागते.

यापुढची ओळ सर्वांत महत्त्वाची: भोगवटा कोणत्या मजल्यांना आणि कोणत्या सदनिकांना दिला आहे. अनेक प्रकल्पांत भोगवटापत्र टप्प्याटप्प्याने घेतले जाते. ‘भागशः भोगवटापत्र’ असे शीर्षक असेल, तर त्यात उल्लेख नसलेल्या मजल्याला ते लागू होत नाही, मग तो मजला त्याच इमारतीतला असो. शेवटी ज्या सीसीच्या आधारे भोगवटा दिला, तिचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्यावी. योग्य नकाशा शोधण्याची किल्ली तीच आहे.

कारण एका इमारतीचे मंजूर नकाशे अनेक असू शकतात. बांधकाम सुरू असताना मजले वाढतात, सदनिकांची रचना बदलते आणि प्रत्येक वेळी सुधारित नकाशा मंजूर होतो. भोगवटापत्रात ज्या मंजुरीचा क्रमांक आहे, तोच क्रमांक आणि तारीख असलेला शिक्का नकाशावर असला पाहिजे. नकाशात बहुधा जागेचा आराखडा, प्रत्येक मजल्याचा आराखडा, उभा छेद आणि क्षेत्रफळाचा तक्ता असतो. सारखे मजले एकाच आराखड्यात ‘पहिला ते सहावा मजला’ असे दाखवतात, वेगळी रचना असलेला मजला स्वतंत्र काढतात. मापे मीटरमध्ये असतात.

उदाहरणादाखल एक काल्पनिक व्यवहार घेऊ. पुण्यातल्या एका सात मजली इमारतीत ७०२ क्रमांकाची दोन शयनगृहांची सदनिका पुनर्विक्रीला आहे. विक्रेता भोगवटापत्र दाखवतो, पण ते भागशः आहे आणि त्यात पहिला ते सहावा मजला एवढाच उल्लेख आहे. त्याच्यासोबतच्या नकाशात सहाव्या मजल्यावर थेट गच्ची आहे. एवढ्यावरून सातवा मजला बेकायदा दिसतो. मात्र महापालिकेच्या बांधकाम विभागात चौकशी केल्यावर दोन वर्षांनंतरचे दुसरे भोगवटापत्र मिळते. त्यात सातवा मजला आहे आणि एका सुधारित सीसीचा क्रमांक आहे. म्हणजे वाचायचा तो या सुधारित सीसीचा नकाशा.

या नकाशात ७०२ ही सदनिका आहे. तिच्यात दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन शयनगृहे आणि शेवटच्या शयनगृहाला लागून ३.०५ बाय १.८० मीटरची उघडी गच्ची दाखवली आहे. जागेवर टेप लावून मोजल्यावर इतर खोल्यांची मापे जुळतात, पण गच्चीच्या जागी भिंती, स्लॅब आणि खिडकी असलेली अभ्यासिका आहे. विक्रेत्याने तिचेही क्षेत्रफळ चटई क्षेत्रात धरले आहे. ३.०५ गुणिले १.८० म्हणजे ५.४९ चौरस मीटर, सुमारे ५९ चौरस फूट. रेरा कायद्यातील व्याख्येनुसार उघडी गच्ची आणि बाल्कनी चटई क्षेत्रात येत नाही. थोडक्यात, सदनिका कायदेशीर आहे, पण तिची एक खोली नाही.

अशी तफावत काही ठरावीक ठिकाणी जास्त सापडते. बंद केलेली बाल्कनी, डक्टवर टाकलेला स्लॅब, मधली भिंत पाडून एक केलेल्या दोन सदनिका, वाहनतळात काढलेले दुकान आणि इमारतीभोवतीच्या सामासिक अंतरात वाढवलेली खोली ही त्यांतली नेहमीची. उंच इमारतीत आगीच्या वेळी आसरा घेण्यासाठी राखलेली जागा नकाशात स्वतंत्र दाखवलेली असते. ती कोणाच्या सदनिकेत सामावलेली असेल, तर ते गंभीर उल्लंघन ठरते.

बनावट कागदांचा धोकाही खरा आहे. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. म्हणून रेरा क्रमांक हा परवानगीचा पुरावा मानता येत नाही. भोगवटापत्राचा क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात पडताळावा आणि नकाशाची प्रमाणित प्रत तिथूनच घ्यावी. ती सहज मिळाली नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

तफावत सापडली तर ती कोणत्या प्रकारची आहे, यावर पुढचा मार्ग ठरतो. वाढीव बांधकाम अनुज्ञेय एफएसआय, सामासिक अंतर आणि अग्निसुरक्षेच्या नियमांत बसत असेल, तर शुल्क भरून ते नियमित करण्याचा अर्ज करता येतो. बसत नसेल, तर ते काढून टाकावे लागते. संपूर्ण मजलाच मंजुरीबाहेर असेल, तर रहिवाशांनी पूर्ण किंमत मोजली होती हे कारण पुरत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलातील मंजुरीबाहेरचे मजले नियमित करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नकार दिला, तेव्हा तिथे कुटुंबे अनेक वर्षे राहत होती.

या दोन कागदांनाही मर्यादा आहेत. भोगवटापत्र त्याच्या तारखेपर्यंतची स्थिती सांगते. त्यानंतर झालेले बदल केवळ प्रत्यक्ष मोजणीत दिसतात. जमिनीची मालकी, तिच्यावरचे कर्ज किंवा चालू दावे यांविषयी हे कागद काहीही सांगत नाहीत. त्यासाठी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि वकिलाचा शोध अहवाल स्वतंत्रपणे पाहावा लागतो.